नोंदणी आहे, पण कशाची?

गेल्या महिन्यात बिरवाडीत मगरिबच्या नमाजनंतर एक तरुण थांबला. महाडच्या एमआयडीसीत तो ठेकेदाराकडे काम करतो. मोबाइलवर ट्रेडिंगची एक वेबसाइट दाखवत म्हणाला, "भाईजान, एकदा बघा ना. दरमहा १२ टक्के, तेही हमीने. सेबी रजिस्टर्ड आहे, हलाल आहे." पाच हजार त्याने आधीच टाकले होते आणि पहिल्या महिन्याचे सहाशे हातातही आले होते. आता अम्मीचे दागिने गहाण ठेवून एक लाख टाकायचा विचार होता.

आधी आम्ही हिशेब केला. दरमहा १२ टक्के मिळाले आणि नफा तसाच गुंतवत राहिलो, तर एक लाखाचे वर्षाने जवळपास तीन लाख नव्वद हजार होतात. ज्याला हे खात्रीने जमते, तो आपल्याकडून एक लाख का मागेल? बँकेकडून वर्षाला पंधरा टक्क्यांनी कर्ज काढूनही तो श्रीमंत होईल. सहाशे रुपये मिळाले हा पुरावा त्याला मोठा वाटत होता. पण पाच हजारांतून सहाशे परत करायला धंदा करावा लागत नाही, त्याचेच पैसे त्याला देता येतात.

मग वेबसाइटच्या तळाशी गेलो. तिथे कंपनीचा ओळख क्रमांक होता: U62099MH2024PTC आणि पुढे सहा आकडे. हा क्रमांक वाचता येतो. U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी. 62099 हा व्यवसायाचा संकेतांक, तो माहिती-तंत्रज्ञान सेवांचा आहे. MH महाराष्ट्र, 2024 स्थापनेचे वर्ष, PTC म्हणजे खासगी कंपनी. वेबसाइट मात्र वर ठळक अक्षरांत '२०१२ पासून विश्वासात' असे सांगत होती. mca.gov.in वर कंपनीचे नाव खरोखरच सापडले, आणि फसगत होते ती इथेच. कंपनी नोंदवणे म्हणजे तिचा जन्मदाखला काढणे. लोकांकडून गुंतवणूक घेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. जीएसटी आणि उद्यम क्रमांकाचेही तसेच.

मुंबईच्या टोरेस प्रकरणात हेच झाले. दादरच्या झगमगीत दुकानामागे प्लॅटिनम हर्न ही रीतसर नोंदलेली खासगी कंपनी होती. दागिने आणि खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला टक्केवारी देण्याचे आश्वासन होते. जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबले आणि लोक बंद दुकानासमोर जमले.

सेबीचा क्रमांकही वेबसाइटवर होता, INZ ने सुरू होणारा. INZ शेअर दलालांना मिळतो, INA गुंतवणूक सल्लागारांना. sebi.gov.in वरच्या मान्यताप्राप्त मध्यस्थांच्या यादीत आम्ही तो शोधला. क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच एका दलालाचा. यादीतले नाव वेगळे, ईमेल वेगळा. यादीतल्या फोनवर विचारले तर त्यांनी ही वेबसाइट आपली नसल्याचे सांगितले. म्हणून क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नये. नाव, पत्ता, ईमेल जुळवावे, आणि फोन यादीतल्याच क्रमांकावर करावा, वेबसाइटवरच्या नव्हे. तसेही सेबीच्या नोंदणीकृत दलालाला किंवा सल्लागाराला परताव्याची हमी देताच येत नाही. 'सेबी नोंदणीकृत' आणि 'हमी' हे शब्द एकाच पानावर दिसले, तर त्यातला एक तरी खोटा आहे.

राहिला 'हलाल'चा शिक्का. बेंगळुरूच्या आयएमएने आपल्याच लोकांना गुंतवणूकदार न म्हणता भागीदार म्हटले, त्यांना मर्यादित दायित्व भागीदारीत घेतले, आणि व्याज नव्हे नफा देतो असे सांगितले. जून २०१९ मध्ये संस्थापक दुबईला निघून गेला आणि हजारो कुटुंबे दुकानाबाहेर उभी राहिली. खरे तर तपासायला आपल्याच फिकहची कसोटी पुरते. मुदारबात नफ्याचा वाटा ठरवता येतो, पण व्यापारातला तोटा भांडवल देणाऱ्याचा असतो. मुद्दल सुरक्षित आणि महिन्याला ठरावीक टक्के, असा करार हलाल व्यापार कसा होईल? मला तर आश्चर्य वाटते की व्याजापासून दूर राहणारी माणसे हाच प्रश्न विचारायला विसरतात.

शेवटी पैसे कुठे गेले ते पाहिले. पाच हजार कंपनीच्या खात्यात नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर गेले होते. त्याच रात्री त्याने १९३० वर फोन करून व्यवहाराचा क्रमांक नोंदवला. मग वेबसाइटच्या टेलिग्राम गटात एवढेच विचारले, "हा सेबी क्रमांक दुसऱ्याच्या नावावर कसा?" दोन मिनिटांत त्याला गटातून काढून टाकले. दागिने अजून अम्मीच्या कपाटात आहेत.