कर्ज एकदाच वजा करावे

कुटुंबाच्या खासगी मर्यादित कंपनीतून एक भाऊ बाहेर पडू इच्छितो. त्याचा चौथा हिस्सा किती रकमेचा? ताळेबंदातील भांडवलाचा आकडा जुन्या खर्चांची नोंद असतो. कंपनीचे मूल्य पुढे तिच्यातून किती रोकड काढता येईल, यावर ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. येत्या वर्षी व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा नफा 200 लाख रुपये अपेक्षित आहे. त्यावर 25 टक्के कर धरल्यास 150 लाख उरतात. घसाऱ्याचे 40 लाख प्रत्यक्ष खर्च होत नाहीत, म्हणून ते मिळवावेत. नव्या यंत्रांचे 65 लाख आणि वाढीव माल व उधारीत अडकणारे 25 लाख वजा करावेत. उरलेले 100 लाख म्हणजे कंपनीचा मुक्त रोख प्रवाह. त्यावर सावकार आणि भागधारक या दोघांचाही हक्क असतो. म्हणूनच येथे व्याज वजा केलेले नाही.

आता सूट दर. भागधारकांची अपेक्षा 15 टक्के व त्यांचा वाटा 60 टक्के. कर्जाचे व्याज 10 टक्के, करबचतीनंतर साडेसात, व कर्जाचा वाटा 40 टक्के. भारित सरासरी 12 टक्के येते. हा प्रवाह दरवर्षी 4 टक्क्यांनी कायम वाढेल असे मानल्यास 100 लाखांना 12 उणे 4, म्हणजे 8 टक्क्यांनी भागावे. संपूर्ण कंपनीचे मूल्य साडेबारा कोटी येते. त्यातून कर्जाचे 5 कोटी वजा करावेत व व्यवसायात न लागणारी 50 लाखांची ठेव मिळवावी. भागधारकांचे मूल्य 8 कोटी आणि चौथा हिस्सा 2 कोटी होतो.

अनेक हिशेबांत सुरुवातीलाच व्याज वजा केले जाते आणि शेवटी कर्जही. वरील उदाहरणात करबचतीनंतरचे व्याज साडेसदतीस लाख आहे. ते वजा केल्यास प्रवाह साडेबासष्ट लाख राहतो आणि चौथा हिस्सा सुमारे 83 लाखांवर घसरतो. कर्ज दोनदा मोजले गेल्याने बाहेर पडणाऱ्याचे निम्म्याहून अधिक नुकसान होते.

उलट बाजूस, वाढीचा दर 4 ऐवजी 5 टक्के लिहिताच कंपनीचे मूल्य 14 कोटींपलीकडे जाते. परंतु अधिक विक्रीसाठी अधिक माल, उधारी व यंत्रे लागतात. आपल्या उदाहरणात वाढीसाठी निव्वळ 50 लाख गुंतवले आहेत. 5 टक्के वाढीसाठी त्याच प्रमाणात साडेबासष्ट लाख लागतील. प्रवाह साडेसत्याऐंशी लाखांवर येईल आणि 7 टक्क्यांनी भागल्यावर मूल्य पुन्हा साडेबारा कोटीच निघेल. नवी गुंतवणूक सूट दराइतकेच, म्हणजे 12 टक्केच, कमावते. तेव्हा केवळ वाढीने मूल्य वाढत नाही.

म्हणून वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन ओळी अवश्य पाहाव्यात: प्रवाह व्याजापूर्वीचा आहे का, आणि वाढीसोबत गुंतवणूकही वाढवली आहे का.