कॅशबॅकचे शंभर रुपये कुठे गेले?

ईदच्या आधी शेजारच्या भाभींनी मुलांचे बूट आणि सँडल ऑनलाइन मागवले. ऑफर होती : वॉलेटमधून पैसे भरा, १० टक्के कॅशबॅक मिळवा. नंतर मुलीचे सँडल लहान झाले म्हणून परत पाठवले. सातशेऐवजी सहाशेच रुपये परत आले. भाभी रागानेच मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या, "बाजी, शंभर रुपये खाल्ले बघा यांनी!"

आम्ही दोघींनी हिशोब मांडला. वस्तूंची छापील किंमत १,८४० रुपये, कूपनची सूट २४०. म्हणजे भरलेली रक्कम १,६००. कॅशबॅक बहुतेक वेळा या भरलेल्या रकमेवर धरतात, छापील किमतीवर नाही. १,६०० चे १० टक्के १६० होतात. पण भाभींना मिळाले १००, कारण ऑफरखाली बारीक अक्षरांत 'जास्तीत जास्त १०० रुपये' असे लिहिले होते. म्हणजे दहा नव्हे, प्रत्यक्षात सव्वासहा टक्केच.

दुसरी अट होती किमान ९९९ रुपयांच्या खरेदीची. सातशेचे सँडल परत गेल्यावर खरेदी उरली ९०० ची. अट मोडली, म्हणून आधीच वॉलेटमध्ये जमा झालेले १०० रुपये परताव्यातून वळते केले. वॉलेटच्या पासबुकात ते १०० अजून शिल्लक दिसत होते, ते दाखवल्यावर भाभींचा राग उतरला. सँडल परत न पाठवता फक्त बदलून घेतले असते, तर खरेदी बहुधा ९९९ च्या वरच राहिली असती. हे मलाही तेव्हाच सुचले.

कित्येक दुकाने हा घोळ टाळण्यासाठी कॅशबॅक आधी 'पेंडिंग' दाखवतात आणि वस्तू परत करण्याची मुदत संपल्यावरच जमा करतात. तोवर तो पैसा आपला समजू नये. जमा झाला तरी तो बहुतेकदा खरेदीलाच वापरता येतो, बँकेत काढता येत नाही, आणि त्याला शेवटची तारीख असते.

आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. वॉलेटच्याच अॅपमधून पैसे भरले, पण यूपीआयने, थेट बँकेतून. कॅशबॅक आला नाही. ऑफर वॉलेटमधल्या शिल्लक रकमेसाठी होती. अॅप एक असले तरी वाट वेगळी.

पॉइंट्सचेही असेच. समजा शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे. १,६९० भरले तरी पॉइंट सोळाच, कारण वरचे नव्वद सोडून देतात. सोळा पॉइंट म्हणजे चार रुपये. भाभींना हा आकडा सांगितला, तर त्या म्हणाल्या, "एवढ्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही!"

आता त्या पैसे भरण्याआधी ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात.