ढीग आणि आवाका

यंदा गणपतीत माझा पुतण्या पुण्याहून आला तो तोंड पाडूनच. मोदकाला हात लावीना, तेव्हाच त्याच्या काकूने ओळखले, की स्वारीचे काहीतरी बिनसले आहे. हा आठ वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फोनवरून पैसे देण्याघेण्याची जी सोय असते, तिच्या पाठीमागची यंत्रणा त्यांचा विभाग सांभाळतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्याची बढती हुकली होती.

"काका, राजीनामा देतो," तो म्हणाला. "माझ्याएवढे काम त्या मजल्यावर कुणी करीत नाही!"

मी म्हणालो, "आधी अर्ज दाखव."

अर्जात बावीस कलमे होती. वर्षभरात 310 तक्रारी निकालात काढल्या, चौदा रात्री जागून काढल्या, नऊ रविवार कामावर आलो, असे सगळे ओळीने मांडलेले. खाली समितीचा शेरा होता : 'सध्याच्या पदाचे काम उत्तम.' त्याला तो अपमान वाटला. मला तो अगदी नेमका वाटला.

वाचकहो, अशा पुष्कळ कंपन्यांतून बढती एकटा साहेब देत नाही. उमेदवाराला न ओळखणारी चारपाच माणसे त्याचे कागद वाचतात आणि एकच प्रश्न विचारतात : हा वरच्या पदाचे काम आजच करतो आहे काय? पुतण्याच्या पदाचे काम म्हणजे सोपवलेले नीट पार पाडणे. वरच्या पदाचे काम म्हणजे अनेक विभागांना छळणारा, पण कुणालाच सोपवलेला नसलेला प्रश्न ओळखून तो मिटवणे. 310 तक्रारींनी पहिली गोष्ट सिद्ध होते. 600 केल्या असत्या तर तीच दुप्पट सिद्ध झाली असती. दुसरी काही झाली नसती.

अर्जातले अकरावे कलम मात्र मला अडले. तिथे एवढेच होते : 'दुबार वजावटीची दुरुस्ती केली.'

"हे काय रे?"

"ते होय? ते किरकोळ आहे," म्हणत त्याने सांगितले. गिऱ्हाईक पैसे पाठवते, उत्तर यायला उशीर होतो, म्हणून यंत्रणा तीच मागणी पुन्हा पाठवते, आणि खात्यातून पैसे दोनदा जातात. पाच विभाग आपापल्या परीने यावर ठिगळे लावीत होते. याने सगळ्यांच्या तक्रारी एकत्र वाचल्या, तेव्हा मूळ एकच निघाले. मग दोन पानांचे टिपण लिहिले : प्रत्येक व्यवहाराला एकच खूणक्रमांक द्यावा, म्हणजे तीच मागणी दोनदा आली तरी यंत्रणा ती ओळखील आणि पैसे एकदाच कापील. दोन विभाग तयार नव्हते. त्यांची समजूत घालायला दीड महिना गेला. पुढे पाचही विभागांनी ती रीत घेतली. महिन्याला चाळीसएक येणाऱ्या तक्रारी पाचसहावर आल्या.

मी कपाळावर हात मारला. बढती अकराव्या कलमात पुरून ठेवून हा एकवीस कलमांचा ढीग वर रचून बसला होता!

त्या रात्री आम्ही अर्ज नव्याने लिहिला. हेच कलम पहिले, आणि त्याला पाऊण पान. प्रश्न काय होता, तो किती विभागांना भोवत होता, कुणी न सांगता मी तो का उचलला, दुसरे कोणते उपाय पाहून का सोडले, कोणाचा विरोध होता आणि तो कसा मावळला, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. शेवटी, दुसऱ्या विभागांतल्या कोणा दोघांना विचारावे, त्यांची नावे. आपल्या साहेबाची शिफारस ही घरच्या माणसाची स्तुती. परक्याची साक्ष खरी. 310 तक्रारी एका ओळीत आल्या.

यात एक खड्डा आहे. पाच बैठकांना नुसते हजर राहिले म्हणजे आवाका वाढत नाही. समिती साक्षीदाराला विचारते, "हा नसता तर काय झाले असते?" उत्तर "तसेच झाले असते" असे आले, की अर्ज कोसळतो. दुसऱ्याचे श्रेय उचलले असेल तर तेही तिथेच उघडे पडते.

आणि असे काम करायला वेळ लागतो. तो रविवार मोडून नव्हे, तर तक्रारींचा काही भाग हाताखालच्या मुलाला शिकवून मिळतो. म्हणून वर्षाच्या आरंभीच साहेबाला विचारावे : वरच्या पदाचे म्हणावे असे कोणते काम मी घेऊ, आणि त्यासाठी माझे कोणते काम कमी कराल? शिवाय वरच्या पदाला जागा तरी आहे का, हेही तेव्हाच कळते. नसेल तर अर्ज कितीही सरस असो, उपयोग नाही.

हे शहाणपण मला कुठून आले, असे पुतण्याने विचारले. मी सांगितले नाही. तुम्हांला सांगतो. माझ्या कचेरीत माझ्या टेबलावर कधी फाईल तुंबली नाही, याचा मला फार अभिमान होता. 'हा हलला तर टेबल कोण सांभाळील?' म्हणून साहेबांनी मला अकरा वर्षे हलवले नाही.

पुतण्याचा निकाल दिवाळीनंतर आहे. राजीनामा तूर्त खिशात आहे, आणि जाताना मोदक मात्र त्याने सात खाल्ले.