हिशोब चुकता केला म्हणजे ग्राहक टिकला, असं नाही

MAXIFS वापरून प्रत्येक ग्राहकाची शेवटच्या व्यवहाराची तारीख कशी काढायची, ते व्हिडिओत बघितलं. आज त्याच फॉर्म्युल्याबद्दल माझं एक ठाम मत सांगतो. ‘शेवटचा व्यवहार’ अशी एकच तारीख काढत असाल, तर तुमची शीट तुम्हाला फसवते आहे. मला फसवलंय, म्हणून सांगतोय.

माझं पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. केकचे बॉक्स, बटर पेपर, फॉइल, कागदी पिशव्या वगैरे. घरून केक करणाऱ्या एक ताई दर दहा-बारा दिवसांनी माल न्यायच्या. शीटमध्ये मी त्यांना K04 असा नंबर दिलाय. त्यांच्या शेवटच्या चार नोंदी बघा:

| A तारीख | B ग्राहक | C प्रकार | D रक्कम |
|---|---|---|---|
| 03-06-2025 | K04 | विक्री | 1850 |
| 14-06-2025 | K04 | विक्री | 2100 |
| 25-06-2025 | K04 | विक्री | 1640 |
| 02-08-2025 | K04 | जमा | 1640 |

5 ऑगस्टला मी यादी काढली. F कॉलममध्ये प्रत्येक ग्राहकाचा नंबर एकदाच लिहिला होता आणि शेजारी हा फॉर्म्युला होता:

```
=MAXIFS($A$2:$A$500,$B$2:$B$500,F2)
```

पहिली रेंज तारखांची, कारण सगळ्यात मोठी किंमत तिथून हवीय. दुसरी रेंज ग्राहकांची आणि शेवटी कोणता ग्राहक ते. दोन्ही रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात. डॉलरची खूण विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि वरच्या नोंदी सुटतात.

उत्तर आलं 02-08-2025. म्हणजे तीन दिवसांपूर्वी. मी निवांत, ताई चालू ग्राहक आहेत म्हणून. पण नोंदी परत वाचा. 2 तारखेला त्यांनी काहीच नेलं नव्हतं. जुनी बाकी भरली होती फक्त. शेवटची खरेदी 25 जूनची, म्हणजे तब्बल 41 दिवस झाले होते. अकरा दिवसांनी येणारं माणूस 41 दिवस आलं नाही, आणि माझी शीट म्हणत होती ‘सगळं ठीक’.

यातली गोम अशी, की दुसरीकडे जाणारा भला माणूस जाताना बाकी चुकती करून जातो. म्हणजे ज्या दिवशी तो तुमच्याकडून सुटतो, त्याच दिवशी एका तारखेच्या शीटमध्ये तो सगळ्यात ताजा दिसतो. उलटंही होतं. एखादा दर आठवड्याला उधारीवर माल नेतो, पण तीन महिने एक रुपया देत नाही. तोही त्या यादीत झकास दिसतो.

म्हणून माझं म्हणणं, तारखा दोन काढा. G कॉलममध्ये शेवटची खरेदी:

```
=MAXIFS($A$2:$A$500,$B$2:$B$500,F2,$C$2:$C$500,"विक्री")
```

H कॉलममध्ये हाच फॉर्म्युला, फक्त "विक्री"च्या जागी "जमा". C कॉलममध्ये जो शब्द लिहिता, तोच अक्षरशः इथे हवा. शेवटच्या खरेदीला किती दिवस झाले, ते I कॉलममध्ये:

```
=IF(G2=0,"तपासा",TODAY()-G2)
```

G मध्ये 45833 असा आकडा दिसला तर घाबरू नका. एक्सेल तारीख आकड्यातच ठेवतं, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1 असं धरून. सेलला Date फॉरमॅट दिलं की 25-06-2025 दिसेल. आणि I मध्ये तारीख दिसत असेल, तर तिथे Number फॉरमॅट द्या.

आता खरा धोका. MAXIFS फक्त आकडे बघतो. तारीख जर मजकूर म्हणून बसली असेल, तर तो ती गुपचूप सोडून देतो, कुठलीही एरर न दाखवता. समजा तुमच्या कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं आहे, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. तुम्ही 14/06/2025 आणि 25/06/2025 टाकलं. चौदावा किंवा पंचविसावा महिना नसतोच, म्हणून हे दोन्ही मजकूर झाले. आणि 03/06/2025 झालं 6 मार्च! आता ताईंची शेवटची खरेदी 6 मार्च दिसणार. दिसायला तारीख अगदी व्यवस्थित, पण साफ चुकीची.

हे ओळखायचं कसं? कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=COUNTA(A2:A500)-COUNT(A2:A500)
```

उत्तर 0 आलं पाहिजे. 2 आलं, तर दोन नोंदी तारीख नाहीत. आधी विंडोजचं रीजन भारत करा. गुगल शीट्समध्ये File > Settings मध्ये Locale भारत करा. मग एक्सेलमध्ये तारखांचा कॉलम निवडून Data > Text to Columns उघडा, शेवटच्या पायरीवर Date: DMY निवडा आणि Finish करा. मजकूर झालेल्या तारखा सुधारतील. पण 3 जूनची 6 मार्च झालेली नोंद यातून सुधारत नाही. ती बिलाशी ताडून हातानेच बदलावी लागते.

दुसरी चूक उलट्या टोकाची. घाईत 2025 च्या जागी 2026 पडलं, की त्या ग्राहकाची तीच तारीख सगळ्यात मोठी राहणार, ती तारीख उलटेपर्यंत कितीही नोंदी केल्या तरी. I कॉलममध्ये उणे आकडा दिसला, की समजा साल चुकलंय.

MAXIFS एक्सेल 2019 पासून पुढे, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि गुगल शीट्समध्ये आहे. जुन्या एक्सेलमध्ये #NAME? दिसेल. तिथे पिव्होट टेबल करा, Rows मध्ये ग्राहक, Columns मध्ये प्रकार, आणि तारखेसाठी Max निवडा. काम तेच होतं.

एक गोष्ट मात्र हा फॉर्म्युला सांगू शकत नाही: 41 दिवस जास्त की कमी? माझा एक केटरर दोन-दोन महिन्यांनी येतो, त्याच्यासाठी 41 दिवस काहीच नाहीत. म्हणून J कॉलममध्ये प्रत्येकाचं नेहमीचं अंतर मी हातानेच लिहितो. ताईंपुढे 11, केटररपुढे 60. I चा आकडा J च्या दुप्पट झाला, की त्या दिवशी फोन करायचा.

ताईंना मी फोन केला 5 ऑगस्टला. त्यांना दोनदा माझ्याकडे दहा इंची बॉक्स मिळाले नव्हते, म्हणून त्यांनी दुसरं दुकान धरलं. बोलल्या छान, पण परत आल्या नाहीत. दोन तारखांची शीट असती, तर 17 जुलैलाच I मध्ये 22 दिसलं असतं आणि मी तेव्हाच फोन केला असता. बॉक्स मागवायला मला दोन दिवस लागतात.