52 वजा 27, उत्तर 35

महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन आटोपले की राज्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत निकाल वाटला जातो. प्रगतिपत्रक हातात आले की पालकांची नजर आधी श्रेणीवर जाते आणि मग वर्णनात्मक नोंदींकडे वळते. तिथे तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक. यातल्या तिसऱ्या रकान्यात बहुधा काय लिहिलेले असते, हे पालकांना पाठ झाले आहे. 'गणिती क्रियांचा सराव आवश्यक.' 'वाचनात सुधारणा आवश्यक.' 'पालकांनी लक्ष द्यावे.' वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या पत्रकावर ही वाक्ये चालून जातात. पुढे दीड महिन्याची सुटी आहे. मुलाला नेमके काय येत नाही, हे घराला लेखी कळवण्याची वर्षातली ही शेवटची संधी अशा वाक्यांवर खर्च होते.

हा रकाना मुळात वेगळ्या हेतूने आला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला 70 टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीला 30 टक्के भार दिला गेला. तिसरी-चौथीला हे प्रमाण 60 आणि 40 ठेवले. म्हणजे मुलाचे निम्म्याहून अधिक मूल्यमापन दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय यांवर व्हावे, आणि गुणांत न मावणारे जे दिसेल ते शब्दांत लिहावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शब्दांचा हा भाग बाजारातल्या पुस्तिकांकडे आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांकडे गेला. विषयवार तयार नोंदी मिळतात आणि त्यांतून निवडून उतरवल्या जातात.

यासाठी शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. तीस मुलांचा वर्ग आणि सात-आठ विषय धरले, तर एका सत्राला दोनशेहून अधिक नोंदी होतात. त्याच आठवड्यात पेपर तपासायचे, श्रेणी काढायच्या, ऑनलाइन माहिती भरायची. एवढ्या नोंदी एकदम लिहायला बसलेला कोणताही माणूस यादी शोधणारच. म्हणून आमचे म्हणणे असे, की नोंदी कमी असाव्यात, पण ज्या असतील त्या त्या मुलाच्या वहीतून निघाव्यात.

वहीतून निघणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. तिसरीच्या दोन मुलांनी 52 वजा 27 चे उत्तर 35 काढले. बरोबर उत्तर 25 आहे. दोघांचे गुण गेले, दोघांना सारखीच श्रेणी मिळाली आणि दोघांच्या पत्रकावर 'वजाबाकीचा सराव आवश्यक' असे आले. पण दोघांची चूक एक नाही. पहिल्या मुलाने एककाच्या घरात वर 2 आणि खाली 7 पाहिले आणि मोठ्यातून लहान वजा करायचे म्हणून सरळ 7 मधून 2 काढले. दशक सुटा करायचा असतो, ही कल्पनाच त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. दुसऱ्याने दशक सुटा केला, 12 मधून 7 बरोबर वजा केले, पण वरचे 5 दशक खोडून 4 करायचे विसरला. त्याला कल्पना कळली आहे, लिहिण्यातली एक पायरी सुटते आहे.

उत्तरपत्रिकेत दोघेही 35 वरच पोहोचतात, म्हणून नुसत्या उत्तरावरून हा फरक दिसत नाही. तो दिसावा म्हणून आणखी एक उदाहरण द्यावे लागते: 52 वजा 28. इथे पहिल्या मुलाचे उत्तर 36 येईल, कारण तो 8 मधून 2 काढेल. दुसऱ्याचे 34 येईल. एका मिनिटाच्या या कामाने शेरा बदलतो.

पहिल्याच्या पत्रकावर असे लिहिता येईल: 'दशक सुटा करावा लागत नाही अशी वजाबाकी बिनचूक करतो. 52 वजा 28 सारख्या उदाहरणात मात्र खालच्या 8 मधून वरचे 2 काढतो. सुटीत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन, गठ्ठा सोडून रोज दोन उदाहरणे करावीत.' दुसऱ्यासाठी: 'दशक सुटा करणे समजले आहे. सुटा केल्यावर उरलेले दशक लिहायचे राहते. वरचा अंक खोडून नवा अंक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.' दुसऱ्या मुलाला काड्यांची गरज नाही आणि पहिल्याला पन्नास उदाहरणे घातली तर त्याची चूकच पक्की होईल. 'सराव आवश्यक' हा शेरा म्हणूनच नुसता मोघम नाही, पहिल्या मुलाच्या बाबतीत तो अपाय करू शकतो.

भाषेतही हेच आहे. 'वाचनात सुधारणा आवश्यक' असलेली मुलगी पुष्कळदा साधे शब्द सुरळीत वाचते आणि जोडाक्षराशी अडखळते. जरा जवळ बसून ऐकले, तर सगळी जोडाक्षरेही अडत नाहीत, 'र'ची अडतात असे आढळते. 'सूर्य'मधला रफार, 'चक्र'मधला तिरका र, 'ट्रक'मधला खालचा र आणि 'पुढाऱ्या'तला अर्धा र ही एकाच वर्णाची चार रूपे आहेत आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ती चार वेगळी चिन्हे वाटतात. 'साधे शब्द न थांबता वाचते. रफार असलेले शब्द वाचताना र आधी की नंतर असा गोंधळ होतो. सूर्य, पर्व, गर्दी, वर्ग असे रोज पाच शब्द मोठ्याने वाचावेत' एवढे लिहिले, की घरातल्या सातवी शिकलेल्या ताईलाही सुटीत काय करायचे ते कळते.

शेऱ्यात सौम्यपणा कुठून येतो, याचेही उत्तर इथेच आहे. गोड विशेषणे पेरून तो येत नाही. 'चंचल आहे', 'अबोल आहे', 'लक्ष नसते' हे मुलाच्या स्वभावावरचे निकाल आहेत. आठ वर्षांचे मूल ते स्वतः वाचते आणि त्यावर त्याला काहीच करता येत नाही. 52 वजा 28 मध्ये काय चुकते, हे सांगितले तर मुलाचा अपमान होत नाही. जे येते ते आधी लिहावे, तेही खरे आणि तितकेच नेमके. 'हुशार आहे' हे 'चंचल आहे'इतकेच निरुपयोगी आहे, कारण त्यातूनही त्याने काय केले हे कळत नाही.

एका शेऱ्याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते: 'नियमित उपस्थिती आवश्यक.' बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे फेब्रुवारी-मार्चनंतर, कधी एप्रिलमध्ये गावी परततात. सोबत गेलेल्या मुलीच्या पत्रकावर हा शेरा लिहिणे म्हणजे आई-बापाची उचल तिच्या नावावर मांडणे आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, काही ठिकाणी हंगामी वसतिगृहे आहेत, तरीही पुष्कळ मुलांचे मधले महिने जातात. अशा मुलीसाठी उपयोगाचा शेरा असा असेल: 'हंगामात कुटुंबासोबत बाहेरगावी होती. दोन अंकी बेरीज विसरलेली नाही. गुणाकाराची ओळख आणि दोन ते पाचचे पाढे हा भाग राहिला आहे. जूनमध्ये तिथून सुरुवात करावी.' यात तिला दोष नाही, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात काय करायचे ते लेखी मिळते. आमच्या मते शेऱ्याचा सर्वांत दुर्लक्षित वाचक हा पुढच्या वर्गाचा शिक्षकच आहे.

आता वेळेचा प्रश्न. असे शेरे एप्रिलच्या अखेरीस आठवून लिहिता येत नाहीत, आणि आठवून लिहू गेले तर दोनच प्रकारची मुले आठवतात, फार पुढची आणि फार त्रास देणारी. मधली वीस मुले पुसट होतात, यादीतली वाक्ये त्यांच्याच वाट्याला येतात. त्यावर उपाय साधा आहे. रोज पाच मुले ठरवावीत आणि प्रत्येकाची एक ओळ तारखेसह निरीक्षण नोंदवहीत लिहावी. शनिवार धरून सहा दिवसांत तीसच्या वर्गाची एक फेरी होते. ओळ छोटी असावी: 'घड्याळात साडेतीन सांगितले, पावणेचार अडले.' 'गटात पहिल्यांदा स्वतःहून बोलली, विषय बैलपोळा.' सत्राअखेरीस त्या मुलाच्या शेवटच्या तीन-चार ओळी वाचल्या, की शेरा जवळपास तयार असतो. आठवड्यातून एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही, पण फेरीतले मूल चुकवू नये. अडचण त्या मधल्या वीस जणांचीच असते.

रकान्याची जागा अरुंद आहे, हीही खरी मर्यादा. तीत तीन विषयांच्या तीन अडचणी कोंबल्या तर एकीचेही काम होत नाही. सुटीत घरच्या मदतीने सुटू शकेल अशी एकच गोष्ट निवडावी आणि बाकीच्या शिक्षकाच्या नोंदवहीत ठेवाव्यात. ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही, तिथे निकालाच्या दिवशी पालकांना दोन मिनिटे थांबवून तोच शेरा तोंडी सांगावा, शक्यतो मुलाकडून एक उदाहरण त्यांच्यासमोर करवून घ्यावे.

हे घडायचे तर तपासणीची पद्धतही बदलायला हवी. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख आज प्रामुख्याने सगळे रकाने भरले आहेत ना, हे पाहतात. त्यामुळे दोनशे मोघम नोंदी असलेली नोंदवही पूर्ण ठरते आणि साठ नेमक्या नोंदी असलेली अपुरी. त्याऐवजी तपासताना सारखी श्रेणी मिळालेल्या कोणत्याही दोन मुलांची पत्रके घ्यावीत, नावे झाकावीत आणि वर्गशिक्षकाला विचारावे, यातले कोणाचे कोणते. शेऱ्यावरून ते सांगता आले, तर रिकाम्या राहिलेल्या रकान्यांबद्दल त्या शिक्षकाला काही विचारू नये.