प्रवासाची वही

श्रावण-भाद्रपदात आमच्या फ्रीगंजात बिछायतीवर बसून गप्पा निघाल्या, की दिवाळीच्या सहलीचे बेत होऊ लागतात. प्रत्येक बेतात गेल्या सहलीचा दाखला दिला जातो. मात्र तो स्मरणातला असतो. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतला आपला प्रवास पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिला आणि तो वाचनीय झाला, हे खरे. मोठे प्रसंग मनातून जात नाहीत. पण सकाळचा एक तास नेमका कोठे गेला, हे आठवडाभरातच विसरायला होते, आणि पुढचा बेत बिघडतो तो त्या तासामुळेच.

आमची वही अगदी साधी आहे. पानावर तीन रकाने : ठरवलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण. घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत चौथा भरावयाचा : पुढच्या वेळी काय करावे. वाटेत लिहिणे राहिले तर मोबाइलमधील छायाचित्रांवर वेळ असतेच. तीवरून दुसरा रकाना घरी बसून भरता येतो. कारण मात्र त्याच रात्री लिहावे.

एक उदाहरण सांगतो. मातोश्रींना महेश्वरच्या राजवाड्यातील अहिल्याबाईंची गादी पाहावयाची होती. दोन दिवसांत ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू असा बेत आखून एका सोमवारी आम्ही निघालो. सहाला निघणार होतो, निघालो सात वाजून दहा मिनिटांनी. सुमारे १३५ किलोमीटरवरील ओंकारेश्वरास साडेनऊला पोहोचावयाचे, ते साडेअकरा झाले. दर्शन अकराला उरकावयाचे, ते तीनला उरकले. दुपारी दोनला गाठावयाच्या महेश्वरास आम्ही सहाला उतरलो, तेव्हा राजवाडा बंद झाला होता. मातोश्री घाटावर बसल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी मांडूस जावयाचे असल्याने गादी राहूनच गेली.

त्या रात्री कारणाच्या रकान्यात आम्ही ‘गर्दी’ एवढेच लिहिले होते. घरी वही उघडली तेव्हा हा शब्द निरुपयोगी वाटला. त्यावरून पुढे काय बदलावे ते कळत नव्हते. गर्दी का, असे विचारू लागलो तेव्हा उलगडा झाला. आमच्या भिंतीवरचे पंचांग महाराष्ट्रातले. त्यात तो आषाढ वद्य पक्ष होता. इकडे माळव्यात महिना पौर्णिमेनंतर पालटतो, म्हणून त्याच पंधरवड्यात येथला सावन लागलेला असतो. आम्ही नेमका सावनातला सोमवार निवडला होता! उज्जैनात जन्म काढून हे ध्यानात येऊ नये, याची लाज वाटली. पण चौथ्या रकान्यात लिहिण्याजोगे वाक्य मिळाले : ‘तिथी दोन्ही पंचांगांत पाहावी.’ कारण खणीत जावे ते आपल्याला बदलता येईल अशा गोष्टीपर्यंत, हा धडा तेव्हा मिळाला.

चार तासांपैकी दोन त्या रांगेचे. उरलेले दोन आमचेच होते : निघण्यास सत्तर मिनिटे उशीर, आणि वाटेतला अल्पोपाहार व गाडी लावणे यांची पन्नास मिनिटे, जी बेतात धरलीच नव्हती. मागील सहलीचे पान उलटून पाहिले, तर तेथेही तासभराचा उशीर! एकदा घडले तो योगायोग. दोनदा घडले तर ती घरची रीत समजावी, आणि रीतीशी न भांडता तिला वेळापत्रकात जागा द्यावी.

घाईचा निष्कर्षही फसवा असतो. मांडूस रूपमतीच्या मंडपावर धुके होते, काहीच दिसले नाही. ‘पावसाळ्यात मांडू नको’ असे आम्ही लिहून टाकले. पण घरातील प्रत्येकाने एक ओळ लिहावयाची, असा नियम आहे. मातोश्रींनी लिहिले : ‘जहाज महालाचे भरलेले तलाव फार आवडले. मंडपाचा चढ सोसला नाही.’ तेव्हा आमचे वाक्य खोडून ‘तलाव पावसाळ्यात, मंडप हिवाळ्यात, मातोश्रींना चढ नको’ असे केले.

मार्गशीर्षात पुन्हा निघालो. वार साधा, निघण्याची वेळ सातची, अल्पोपाहारास पाऊण तास धरलेला, मांडू वगळलेले आणि महेश्वर आधी. सव्वाअकराचा अंदाज होता. अकरा पंचवीसला पोहोचलो. मातोश्री गादीसमोर अर्धा तास उभ्या होत्या.

वहीलाही मर्यादा आहे. भाडी आणि दर वर्षभरात शिळे होतात, म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख हवी. चालण्याची गतीही बदलते. यंदा वही काढली तेव्हा ‘अर्धा तास उभ्या’ या नोंदीपुढे मातोश्रींनी स्वहस्ते लिहिले : ‘आता बसण्याची सोय पाहावी.’ दिवाळीच्या बेताची सुरुवात आम्ही त्या ओळीपासून केली आहे.