अ‍ॅपवरचा भाव आणि पट्टीवरचा भाव

कांदा विकून आलेला माणूस बहुतेक वेळा एकच तक्रार करतो : मोबाईलवर एकवीसशे दिसत होते, हातात चौदाशेच पडले. आपल्याला लुटलं, असं त्याला वाटतं. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा चूक आकडा वाचण्यात झालेली असते.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या किंवा केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटच्या यादीत प्रत्येक बाजार समितीपुढे आवक आणि तीन दर असतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. दर क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोचे. कमाल दर त्या दिवशीच्या सर्वात चांगल्या मालाचा. तो एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. किमान दर बहुधा गोलटीचा नाहीतर भिजलेल्या, कोंब फुटलेल्या मालाचा असतो. ज्या दराच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर. ही किमान-कमालची सरासरी नव्हे.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका घरचा 25 क्विंटल उन्हाळी कांदा निघाला आहे. जवळच्या समितीत कमाल 1700, सर्वसाधारण 1400. लांबच्या समितीत कमाल 2100, सर्वसाधारण 1460. कमाल पाहिला तर 400 रुपयांचा फरक, म्हणजे दहा हजार जास्त. कोण थांबेल घरी? पण सर्वसाधारण दराने फरक फक्त 60 चा, एकूण 1500 रुपये. लांब जायला ट्रॅक्टरचं भाडं 2000 ने वाढत असेल, तर 500 रुपये खिशातूनच गेले. वर दिवस मोडला तो वेगळाच.

तारीख मात्र आधी बघावी. समितीने आकडे उशिरा भरले किंवा लिलाव बंद असले, तर जुनाच दर समोर राहतो. कांद्याची जातही जुळली पाहिजे, कारण लाल आणि उन्हाळीचे दर वेगळ्या ओळीत येतात. चार-पाच दिवसांची आवक वाढत असेल आणि सर्वसाधारण दर उतरत असेल, तर कालचा भाव आज मिळेल असं धरू नये.

एक उणीव आमच्या मते मोठी आहे. प्रतवारीप्रमाणे किती माल कोणत्या दराने गेला, हे या तीन आकड्यांतून कळत नाही. आपला माल कुठे बसतो, ते आपणच ठरवायचं. त्यासाठी मागची हिशोबपट्टी काढा आणि त्याच तारखेचा, त्याच समितीचा सर्वसाधारण दर शोधा. तेव्हा तो 1400 असताना आपल्याला 1500 मिळाले असतील, तर आपला माल शंभराने वर चालतो. दोन-तीन पट्ट्यांत तसंच दिसलं, तर आजच्या सर्वसाधारण दरात शंभर मिळवून, हमाली-तोलाई आणि भाडं वजा करून मगच ट्रॉली भरायला घ्या.